एकच आडनाव, चार स्पेलिंग : पुढच्या नोंदींसाठी घराने काय ठरवावे?

शिक्षकमित्रांनो आणि पालकहो, जून महिन्यात प्रवेशाचे कागद तपासताना एक गोष्ट हमखास दिसते. सख्खी भावंडं एकाच शाळेत असतात, मराठीत आडनाव अगदी एकच असतं, पण इंग्रजी रकान्यात थोरल्याचं Gaikwad आणि धाकटीचं Gayakwad. चुलत भावंडांकडे बघितलं तर तिसरंच काहीतरी. मग पालक विचारतात, "गुरुजी, यातलं बरोबर कोणतं?" या लेखात आपण गायकवाड हे एकच आडनाव घेऊ आणि पाहू की हे फरक येतात कुठून, त्यातले कोणते खरंच अडवतात, आणि घराने एक स्पेलिंग ठरवायचं तर ते कसं ठरवायचं. जाधव, चव्हाण, पवार, क्षीरसागर, चौधरी या घरांनाही हीच रीत लागू पडते.

एवढी स्पेलिंग होतात कशी?

देवनागरीत गायकवाड लिहायची एकच रीत आहे. रोमन लिपीत मात्र तीन ठिकाणी वाटा फुटतात.

पहिली वाट 'य'ची. 'गाय' हा उच्चार कोणी Gai लिहितं, कोणी Gay, कोणी Gae, तर कोणी अक्षराला अक्षर लावून Gaya. दुसरी वाट 'क'ची. आपण बोलताना 'क'मधला अ कधी पुरता उच्चारतो, कधी गिळतो. उच्चारला तर ka, गिळला तर नुसता k. तिसरी वाट 'व'ची. मराठी व हा इंग्रजी v आणि w यांच्या मधला आहे, म्हणून दोन्ही अक्षरं वापरली जातात. आता मुलांना गुणाकार करायला सांगा: 'य'चे 4 प्रकार, 'क'चे 2, 'व'चे 2, म्हणजे 4 × 2 × 2 = 16. शेवटचा ड आणि सुरुवातीचा गा याला हातही न लावता सोळा स्पेलिंग तयार! त्यातली Gaikwad, Gaikawad, Gayakwad, Gaykwad, Gaekwad ही प्रत्यक्षात भेटतात.

यात 'शुद्ध' कोणतं हे भाषेवरून ठरत नाही. बडोद्याच्या गायकवाड घराण्याची आख्यायिका सांगते की पूर्वजांनी गाईंना कवाड उघडून आसरा दिला, म्हणून गाय-कवाड. ती धरली तर 'क' पूर्ण आहे आणि Gaikawad बरोबर ठरतं. रोजच्या जलद बोलण्यात मात्र Gaikwad जवळचं वाटतं. बडोद्याच्या राजघराण्याचं नाव इंग्रजांच्या जुन्या कागदांत Guicowar आणि Gaekwar असंही आहे, कारण स्वरानंतरचा आपला ड त्यांच्या कानाला र सारखा लागे. त्याच बडोद्याचे दत्ता गायकवाड आणि अंशुमन गायकवाड हे क्रिकेटपटू Gaekwad असं लिहीत. पुण्याचा ऋतुराज Gaikwad लिहितो. कोणीच चुकीचं लिहिलेलं नाही. व्यक्तीच्या नावाचं रोमन स्पेलिंग असंच असावं असा कुठलाही सरकारी नियम नाही. म्हणून घरात "आमचं बरोबर की तुमचं" हा वाद घालून काही हाती लागत नाही. प्रश्न शुद्धलेखनाचा नाही, कागद जुळण्याचा आहे.

भावंडांत फरक आला तर खरंच अडतं का?

इथे बहुतेक पालकांची गल्लत होते. दोन वेगळे फरक आपण एकच समजतो.

एक फरक माणसामाणसांतला: दादाचं Gaikawad, ताईचं Gaikwad. दुसरा फरक एकाच माणसाच्या दोन कागदांतला: दहावीच्या प्रमाणपत्रावर Gaikawad आणि आधारवर Gaikwad. पहिला फरक दिसायला वाईट, पण क्वचित अडवतो. दुसरा दिसत नाही, पण तोच अडवतो.

पहिला का अडवत नाही? आपल्या घरांत कितीतरी आयांचं आडनाव कागदोपत्री माहेरचंच असतं. म्हणून "ही या मुलाची आई नाही" असं कोणी म्हणत नाही, कारण जन्मदाखल्यावर आईचं पूर्ण नाव लिहिलेलं असतं. नातं आडनावाच्या अक्षरांवरून सिद्ध होत नाही, ते एका कागदावर दोघांची नावं एकत्र आल्याने सिद्ध होतं. त्यामुळे मुलाच्या कागदावर वडिलांचं नाव वडिलांच्या स्वतःच्या कागदांप्रमाणे अक्षरशः उतरलं असेल, तर मुलाचं स्पेलिंग एका अक्षराने निराळं असलं तरी धागा तुटत नाही.

दुसरा फरक मात्र संगणक पकडतो. संगणकाला Gaikwad आणि Gaikawad ही दोन वेगळी माणसं आहेत. पॅन आणि आधार जोडताना, शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येताना, विद्यार्थ्याचा अपार क्रमांक तयार करताना शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव ताडून पाहिलं जातं. तिथे एक a जास्त झाला की काम थांबतं.

म्हणून एकच सूत्र लक्षात ठेवा: आधी प्रत्येक माणूस स्वतःशी जुळला पाहिजे, मग घर एकमेकांशी. घर जुळवायच्या नादात एखाद्याचे आतापर्यंत जुळलेले कागद मोडायचे नाहीत.

पहिलं काम: एक तक्ता

कुठलाही निर्णय घेण्याआधी एक मोठा कागद घ्या. प्रत्येक माणसाला एक ओळ, प्रत्येक दस्तऐवजाला एक रकाना: जन्मदाखला, शाळेची नोंद, दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, आधार, पॅन, पासपोर्ट, विवाह नोंदणी. स्पेलिंग आठवणीतून लिहू नका, मूळ कागद समोर ठेवून एकेक अक्षर उतरवा. "आमचं सगळीकडे सारखंच आहे" असं सांगणाऱ्या घरातही हा तक्ता भरताना एखादा फरक निघतोच. आधारवर मराठी ओळही असते. ती अनेकदा इंग्रजीवरून यंत्राने केलेली असते, त्यामुळे तिथे 'गाईकवाड' किंवा 'गाइकवाड' झालेलं सापडतं. तेही टिपून ठेवा.

मग तीन रंग करा. लाल म्हणजे सहज न बदलणारा कागद: दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवी, सेवापुस्तक. पिवळा म्हणजे अर्ज करून दुरुस्त होणारा: आधार, पॅन, बँक, शाळेच्या पोर्टलवरची नोंद. हिरवा म्हणजे अजून तयारच न झालेला कागद. घराचं स्पेलिंग हे मुख्यतः हिरव्या रकान्यांसाठी असतं.

एक घर नमुन्यादाखल

समजा चौथीतल्या एका मुलीचं घर आहे आणि तक्ता असा निघाला:

- आजोबा: सातबारा आणि जुने कागद फक्त मराठीत, आधार Gaikwad.
- थोरले काका: दहावी, सेवापुस्तक, पॅन, आधार सगळं Gaikawad.
- बाबा: दहावी, पॅन, आधार, पासपोर्ट सगळं Gaikwad.
- आत्या: दहावी आणि डी.एड. Gayakwad, पण विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव Gaikwad.
- चुलत ताई, वय 24: दहावी, पदवी, आधार, पासपोर्ट सगळं Gaikawad.
- चुलत दादा, वय 19: दहावी-बारावी Gaikawad, आधार आणि बँक खातं Gaikwad.
- मुलगी स्वतः: जन्मदाखला आणि आधार Gaikwad, शाळेच्या यू-डायस नोंदीत Gayakwad.
- तिचा पाच महिन्यांचा भाऊ: जन्माची नोंद झाली आहे, नाव अजून घालायचं आहे.

आता एकेक ओळ बघू.

आजोबांना काही करायचं नाही. सातबारा मराठीत असतो, तिथे रोमन स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही. वारस नोंदीच्या वेळी मराठी आडनाव जुळलं की झालं. म्हणूनच आधारवरची मराठी ओळ 'गायकवाड' अशीच आहे ना, एवढं पाहून ठेवावं.

काका आणि ताई दोघंही स्वतःशी पूर्ण जुळलेले आहेत. त्यांनी घरासाठी म्हणून Gaikwad करायला निघणं म्हणजे नीट उभ्या भिंतीला हात लावण्यासारखं. ताईची पदवी आणि पासपोर्ट Gaikawad आहेत, ते तसेच राहू द्यावेत.

दादाची ओळ तुटलेली आहे, आणि इथेच चूक व्हायचा धोका मोठा. घरात Gaikwad ठरत असेल तर सगळे म्हणतील, "अरे, तुझं आधार बरोबरच आहे, प्रमाणपत्र बदलून घे." पण लाल रकान्यात दहावी आणि बारावी आहेत. बोर्डाच्या प्रमाणपत्रात दुरुस्ती शाळेमार्फतच होते, आणि त्यासाठी शाळेच्या मूळ नोंदीत आणि प्रमाणपत्रात चूक झाली आहे हे दाखवावं लागतं. घराने नंतर वेगळं ठरवलं, हे कारण तिथे चालत नाही. उलट आधार पिवळा आहे. म्हणून दादाने आधारच Gaikawad करून घ्यावं आणि मग बँकेत नवी प्रत द्यावी, म्हणजे घराच्या स्पेलिंगपासून लांब गेलं तरी चालेल. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर जाण्याआधी पुरावा म्हणून चालणाऱ्या कागदांची यादी बघून जावं आणि पावतीवरची इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही नावं वाचूनच सही करावी.

दुसरी वाट राजपत्राची आहे. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाकडे अर्ज करून महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदल छापून घेता येतो. पण दोन गोष्टी समजून घ्या. राजपत्र एकेका माणसाचं असतं, अख्ख्या घराचं एकदम नसतं. आणि राजपत्राने दहावीच्या जुन्या प्रमाणपत्रावरची अक्षरं बदलत नाहीत. पुढे प्रत्येक पडताळणीला प्रमाणपत्रासोबत राजपत्र जोडावं लागतं. दादाचं काम आधारच्या एका दुरुस्तीने भागत असताना हा भार घ्यायचं कारण नाही.

आत्याची अडचण वेगळी आहे. लग्नानंतर तिचं आडनावच बदललं. तिच्या दहावीच्या प्रमाणपत्राला आजच्या नावाशी जोडणारा दुवा म्हणजे विवाह प्रमाणपत्र, आणि तिथेच स्पेलिंग निराळं आहे. तिला Gaikwad आणि Gayakwad ही एकाच व्यक्तीची नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवावं लागेल. काही कार्यालयं ते मानतात, काही राजपत्र मागतात. पुढे लग्न ठरलेल्या मुलींसाठी हा धडा मोलाचा आहे: विवाह नोंदणीच्या अर्जात माहेरचं आडनाव घराच्या स्पेलिंगप्रमाणे नव्हे, तर तिच्या दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहायचं.

चौथीतल्या मुलीचं काम सोपं आहे आणि आत्ताच करायचं आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरला नाव मराठीत 'गायकवाड' असं बरोबर असेल, तर मूळ नोंद बदलायचीच नाही. फक्त पोर्टलवरची इंग्रजी ओळ चुकली आहे. जन्मदाखला आणि आधारची प्रत जोडून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा. मराठी नोंदच चुकली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. रजिस्टरमधला नावाचा बदल शाळा आपल्या अधिकारात करत नाही, त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते.

आणि बाळ. सगळ्या घरात पूर्ण हिरवी ओळ त्याचीच. जन्मनोंदीत बाळाचं नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण याला उशीर करू नये. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, आधार अशा अनेक कामांचा मुख्य पुरावा झाला आहे. म्हणजे त्या दाखल्यावर जे स्पेलिंग पडेल ते पुढे सगळीकडे उतरत जाणार. चुकलंच तर निबंधक दुरुस्ती करतात, पण मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्तीची नोंद होते. त्यापेक्षा आधीच नीट लिहिणं बरं.

मग घराचं स्पेलिंग कोणतं?

या घरात Gaikawad वाले तीन आणि Gaikwad वालेही साधारण तेवढेच. हात वर करून मोजलं तर भांडणच होईल. म्हणून मोजायचं वेगळं: नजीकच्या काळात ज्यांचे नवे कागद होणार आहेत, त्यांच्या आईवडिलांचे न बदलणारे कागद काय म्हणतात? इथे नवे कागद होणार आहेत ते मुलीचे आणि बाळाचे. त्यांच्या बाबांची दहावी आणि पासपोर्ट Gaikwad. मुलीचा जन्मदाखलाही Gaikwad. म्हणून पुढच्या नोंदींसाठी Gaikwad.

यावर काका विचारतील, "मग आमच्या दादाच्या मुलांचं काय?" रास्त प्रश्न आहे. त्याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही चालतात. एक, त्याची मुलं Gaikwad लावतील आणि त्यांच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या रकान्यात दादाचं नाव त्याच्या कागदांप्रमाणे Gaikawad राहील. दोन्ही स्पेलिंग एकाच दाखल्यावर आल्यामुळे तो दाखलाच दुवा होतो. दोन, दादाला वाटलं तर त्याच्या घराने Gaikawad पुढे चालवावं. हा निर्णय त्या वेळी त्याने आणि त्याच्या पत्नीने घ्यायचा. आज आजोबांनी तो लादू नये. घराचं ठरलेलं स्पेलिंग म्हणजे सवलत आहे, सक्ती नाही.

जे ठरलं ते एका कागदावर लिहून ठेवा. त्यात देवनागरी रूप, मोठ्या अक्षरांत सुटं करून रोमन रूप, आणि कोणाला ते लागू नाही ते असावं. म्हणजे असं:

```
गायकवाड = G A I K W A D
ता. __/__/____ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी
अपवाद (आहे तसेच राहील):
थोरले काका, ताई, दादा = G A I K A W A D
आत्या, दहावीचे प्रमाणपत्र = G A Y A K W A D
```

या कागदाला कायद्याने काही किंमत नाही. पण उद्या रुग्णालयात बाळाच्या जन्माचा अर्ज भरताना घाईत कोणीही मामा-काका फॉर्म भरतो, त्याच्या फोनमध्ये या कागदाचा फोटो असला तर सतरावं स्पेलिंग जन्माला येत नाही.

शाळेत आपण काय करायचं?

शिक्षक म्हणून एक गोष्ट मान्य करू या: यातली कितीतरी स्पेलिंग शाळेतच तयार होतात. रजिस्टर मराठीत असतं, पोर्टल इंग्रजी मागतं, आणि भरणारा आपल्या सवयीने लिप्यंतर करतो. एका शाळेतले गुरुजी Gay लिहिणारे, दुसऱ्या शाळेतल्या बाई Gai लिहिणाऱ्या. सख्खी भावंडं दोन शाळांत गेली की दोन आडनावं झाली.

त्यावर उपाय साधा आहे. विद्यार्थ्याच्या आडनावाचं स्पेलिंग आपण तयार करायचं नाही, उतरवायचं. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याची प्रत घ्या, इंग्रजी नाव त्यावरून अक्षराला अक्षर लावून भरा, त्याची छापील प्रत पालकांना दाखवून सही घ्या. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असेल तर तिसरं भरू नका. आधी कोणतं दुरुस्त करणार हे पालकांना विचारा.

नववीच्या वर्गशिक्षकांनी तर हा तक्ता प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकदा भरून घ्यावा, कारण दहावीचा अर्ज भरला की पिवळ्या रकान्याचा लाल रकाना होतो. अर्जानंतर बोर्डाकडून प्री-लिस्ट येते, ती महत्त्वाची संधी. ती वाचताना नुसती नजर फिरवू नका. एका शिक्षकाने दाखल्यावरची अक्षरं मोठ्याने म्हणावीत आणि दुसऱ्याने यादीवर बोट ठेवून तपासावीत. Gaikwad आणि Gaikawad यातला एक a डोळ्याला चकवतो, कानाला चकवत नाही.